गृहोद्योगाचा पहिला कागद



मुंबईत गिरगावात १९५९ साली सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या नावाने ते कार्य देशभर पसरले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या कथेतील एक तपशील फारसा सांगितला जात नाही. ज्या सद्गृहस्थांनी या भगिनींना प्रारंभी मार्गदर्शन केले, त्यांचा आग्रह पापडाच्या चवीइतकाच चोख हिशेबाचा होता. हे काम व्यवसाय म्हणूनच चालले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. आजचा विषय त्या हिशेबाच्या वहीचा, किंबहुना त्या वहीच्याही आधी लिहावयाच्या एका कागदाचा आहे.

घरातून छोटा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या हाती पुष्कळदा बँकेतील वीस पानी प्रकल्प अहवालाचा नमुना पडतो. त्यात ‘बाजारपेठेचे विश्लेषण’, ‘पाच वर्षांचे उद्दिष्ट’ असे रकाने असतात. दहा हजार रुपयांच्या भांडवलावर उद्योग करणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. त्याला सहा प्रश्नांची उत्तरे हवी असतात आणि ती एका पानावर मावतात. अट इतकीच, की उत्तरे मनाने लिहिलेली नसावीत, मोजून लिहिलेली असावीत.

हे सहा प्रश्न कोरडेपणाने सांगण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीत राहणारी बावीस वर्षांची एक पदवीधर मुलगी आहे, असे समजू. आजीच्या हातची थालीपिठाची भाजणी तिला उत्तम जमते. शेजारीपाजारी कौतुक करतात आणि ‘विकायला काढ’ असा सल्ला देतात. तिच्याजवळ साठवलेले १०,००० रुपये आहेत. उदाहरण कल्पित आहे आणि दर केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत.

पहिला प्रश्न : घेणारा कोण?

या रकान्यात बहुतेकजण ‘सर्व कुटुंबे’ असे लिहितात. सर्वांसाठी असलेली वस्तू कोणाच्या दारात न्यायची, हे त्यावरून कळत नाही. येथे एकच वाक्य लिहावयाचे : कोण, कोठे, कशासाठी आणि किती दिवसांनी घेणार? आपल्या उदाहरणात ते वाक्य असे होईल : ‘आमच्या परिसरातील, नोकरीमुळे घरी भाजणी करू न शकणारी चौकोनी कुटुंबे, सकाळच्या डब्यासाठी, महिन्याला अर्धा किलो.’

हे वाक्य खरे आहे की नाही, हे पाहण्यासाठी दहा घरी जावे. पण तेथे ‘मी भाजणी केली तर घ्याल का?’ असे विचारू नये. आपल्या ओळखीच्या मुलीला तोंडावर ‘नाही’ म्हणणारे घर विरळाच. त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचाराव्यात. शेवटची भाजणी कधी आणली? कोठून? किती? किती पैसे दिले? त्यात काय आवडले नाही? दहापैकी सहा घरांतून ‘गावाहून सासूबाई पाठवतात’ असे उत्तर आले, तर ती घरे स्तुती करतील, पण ग्राहक होणार नाहीत. हे एका संध्याकाळी फुकट कळते. कळण्यास उशीर झाला, तर दहा किलो पीठ घरात पडून राहते.

दुसरा प्रश्न : एका पाकिटाला खरा खर्च किती?

सर्वाधिक चुका या रकान्यात होतात. म्हणून येथे थोडे थांबू.

या मुलीने दहा किलोंचा एक घाणा करावयाचे ठरविले. बाजरी अडीच किलो, ज्वारी अडीच किलो, तांदूळ दोन किलो, हरभऱ्याची डाळ दीड किलो, उडदाची डाळ पाऊण किलो, गहू अर्धा किलो आणि धणे पाव किलो. या धान्याची किंमत ६२५ रुपये झाली. तिने मनात भागाकार केला. दहा किलोंची अर्ध्या किलोची वीस पाकिटे, म्हणजे पाकिटाला सव्वाएकतीस रुपये. साठ रुपयांना विकले तरी दुप्पट!

आता तोच घाणा तराजू आणि घड्याळ समोर ठेवून करू. निवडताना खडे, कोंडा गेला. भाजताना धान्यातील ओलावा उडाला. गिरणीत थोडे पीठ राहिले. घरी आले ते नऊ किलो दोनशे ग्रॅम. अर्ध्या किलोची वीस नव्हे, अठराच पाकिटे झाली. उरलेले दोनशे ग्रॅम बाजूला ठेवावयाचे. ते कशासाठी, हे पुढे येईल.

धान्याखेरीज भाजण्यासाठी गॅस ६५ रुपयांचा लागला. येथे सावध राहावे. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे नियमात बसत नाही. म्हणून हिशेब व्यावसायिक सिलिंडरच्याच दराने करावा. दळण्याचे १०० रुपये, गिरणीपर्यंत रिक्षाचे ३६ आणि पाकीट व लेबल मिळून नगाला ८ प्रमाणे १४४. एकूण रोख खर्च ९७० रुपये. त्यास अठराने भागले, की पाकिटाला ५४ रुपये पडतात. सव्वाएकतीसचे चोपन्न झाले.

अजून एक खर्च राहिला, आणि घरगुती उद्योगात तोच नेमका विसरला जातो. निवडण्यास दीड तास, सर्व धान्ये वेगवेगळी भाजण्यास तीन तास, गिरणीस एक तास, भरण्या-तोलण्यास दीड तास, असे सात तास गेले. तासाला ६० रुपये धरले, तर ४२० रुपये होतात. घाण्याचा पूर्ण खर्च १,३९० रुपये, म्हणजेच पाकिटाला ७७ रुपये.

‘घरच्याच मुलीचे श्रम, त्याचे पैसे कसले?’ असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतील. त्याचे उत्तर व्यवहाराचे आहे. मागणी वाढली की एक दिवस मदतीला कोणीतरी ठेवावे लागेल आणि त्या बाईला मजुरी रोख द्यावी लागेल. किमतीत मजुरी धरलेली नसेल, तर मदतनीस ठेवल्याबरोबर प्रत्येक पाकीट तोट्यात जाईल. मग उद्योग जितका वाढेल, तितकी ती मुलगी थकेल आणि एके दिवशी सारे बंद पडेल. साठ रुपयांना पाकीट विकणाऱ्याचे दुकान बहुधा असेच बंद पडते. त्याला तोटा कधी दिसत नाही, कारण तो पैशांतून न जाता अंगातून जात असतो.

एक सूचना. हा प्रयोग दोन किलोंवर करून पाचाने गुणू नये. गिरणीची फेरी दोन किलोंना तेवढीच आणि दहा किलोंनाही तेवढीच असते. जेवढा घाणा नेहमी करणार, तेवढाच एकदा मोजून करावा.

तिसरा प्रश्न : किंमत किती आणि विक्री कोणत्या वाटेने?

किंमत दोन बाजूंनी बांधलेली असते. खाली आपला खर्च आणि वर बाजारातील तशाच वस्तूचा दर. परिसरात अर्ध्या किलोची घरगुती भाजणी ११० रुपयांस मिळते, असे त्या दहा घरांतून कळले आहे, असे समजू. तर हाच दर छापावा.

आता वाटा पाहू. थेट घरपोच विक्रीत ११० रुपये येतात, पण पोहोचविण्यास नगाला सुमारे ८ रुपये जातात. ७७ आणि ८ वजा करता २५ रुपये उरतात. दुसरी वाट दुकानाची. दुकानदाराने वीस टक्के कमिशन मागितले, तर २२ रुपये त्याचे. आपल्या हाती ८८, आणि खर्च वजा जाता उरतात ११. दुकानदाराचे काही चुकत नाही. जागा त्याची, गिऱ्हाईक त्याचे. पण वस्तू एकच असून एका वाटेने पंचवीस आणि दुसऱ्या वाटेने अकरा रुपये सुटतात, हे कागदावर आधीच दिसावे.

चौथा प्रश्न : किती विकले म्हणजे जमले, आणि तेवढे होईल का?

काही खर्च पाकिटे विकली तरी आणि न विकली तरी होतात. फोन, नोंदणी आणि भांड्यांचा महिन्याचा वाटा, चव दाखविण्यासाठी दिलेले नमुने. हे महिन्याला ६०० रुपये धरू. घरपोच विक्रीत सहाशेला पंचवीसने भागले, की २४ पाकिटे येतात. दुकानाच्या वाटेने अकराने भागले, तर ५५. एवढी विक्री झाली की श्रमाचा मोबदला आणि सर्व खर्च निघाला. त्यापुढचे ते नफ्याचे.

आता घड्याळ पाहू. ही मुलगी आठवड्यात दोन घाणे करू शकते, असे धरले तर महिन्याला आठ घाणे, म्हणजे १४४ पाकिटे होतील. सर्व घरपोच विकली, तर श्रमाचे ३,३६० आणि वरचे ३,०००, असे ६,३६० रुपये महिन्याला हाती येतील. सर्व दुकानांतून विकली, तर ४,३४४. या उद्योगाची, या घरात, एका व्यक्तीची ही कमाल मर्यादा आहे. दरमहा पंधरा हजारांची गरज असलेल्या घराने हा आकडा पाहून आधीच निर्णय घ्यावा. योजना एवढेच सांगते आणि तिने एवढे सांगितले, तरी तिचे काम झाले.

याच ठिकाणी एक परीक्षा घ्यावी. डाळी महागल्या आणि घाण्यामागे ७५ रुपये वाढले, तर काय? पाकिटाला सुमारे ४ रुपये वाढतील. घरपोच विक्रीत पंचवीसचे एकवीस राहतील, ते सोसवेल. दुकानाच्या वाटेने मात्र अकराचे सात होतील आणि पंचावन्न पाकिटांऐवजी ८६ विकावी लागतील. जी वाट एवढ्याशा धक्क्याने डळमळते, तिच्यावर सारा उद्योग उभा करू नये.

पाचवा प्रश्न : हातातील रोकड कोणत्या महिन्यात संपेल?

नफा आणि रोकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य सोपे वाटते, पण आकड्यांत पाहिल्याखेरीज पटत नाही.

प्रारंभी मोठी कढई, काटा, पाकिटे बंद करण्याचे यंत्र, लेबलांची पहिली छपाई आणि नोंदणी यांस ६,००० रुपये गेले, असे धरू. उरले ४,०००. ‘घरोघर हिंडण्यापेक्षा दुकानांत ठेवू’ असे तिने ठरविले. दुकानदार माल विकल्यावर, म्हणजे सुमारे दोन महिन्यांनी पैसे देतो.

पहिल्या महिन्यात दोन घाण्यांचे १,९४० आणि ठरलेले ६०० रुपये गेले. हाती उरले १,४६०. भाजणी आवडली, दुकानदाराने अधिक मागितली. दुसऱ्या महिन्यात चार घाण्यांना ३,८८० आणि पुन्हा ६०० लागले. आता हातात उणे ३,०२० आहेत. त्याच दिवशी वहीत दुकानाकडून येणे किती? एकशे आठ पाकिटांचे ९,५०४ रुपये! माल चांगला, मागणी वाढती, प्रत्येक पाकिटावर नफा, आणि तरीही तिसऱ्या महिन्याचे धान्य आणण्यास पैसे नाहीत. अशा वेळी घरून उसने घेतले जातात किंवा उद्योग थांबतो, आणि लोक म्हणतात, ‘चालला नाही.’

आता तीच मुलगी अर्धी पाकिटे घरपोच रोखीने आणि अर्धी दुकानात देते, असे धरू. पहिल्या महिन्यात अठरा पाकिटांचे पोहोचविण्याचा खर्च वजा जाता १,८३६ रुपये लगेच आले. महिनाअखेर हाती ३,२९६. दुसऱ्या महिन्याअखेर २,४८८. तिसऱ्या महिन्यात सहा घाणे केले, पण पहिल्या महिन्याचे दुकानाचे पैसेही आले आणि अखेरीस ३,१६० राहिले. भांडवल तेच, भाजणी तीच. रोकड कोठेही शून्याखाली गेली नाही. म्हणून दुकानाला किती माल द्यावयाचा, हे दुकानदाराच्या मागणीवरून न ठरविता आपल्या रोकडीच्या तक्त्यावरून ठरवावे.

सहावा प्रश्न : काय बिघडू शकते, आणि कधी थांबायचे?

भाजणी बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत. कोमट पीठ पाकिटात भरले, की आत बाष्प धरते, गुठळ्या होतात आणि पुढे बुरशी येते. पीठ पूर्ण थंड होईपर्यंत थांबणे हाच त्यावर उपाय. धान्य कमी भाजले तर कच्चट वास राहतो आणि कीड लवकर लागते. अधिक भाजले तर कडवटपणा येतो. गिरणीत आधी मिरची-मसाला दळला असेल, तर त्याचा वास उतरतो. म्हणून वेळ ठरवून घ्यावी.

आता बाजूला ठेवलेल्या दोनशे ग्रॅमचे काम. ते विक्रीच्याच प्रकारच्या चार लहान पाकिटांत भरून त्यांवर घाण्याची तारीख लिहावी. तीस, पंचेचाळीस, साठ आणि नव्वद दिवसांनी एकेक उघडून वास घ्यावा, चव पाहावी. खवटपणा ज्या दिवशी जाणवला, त्याच्या बराच आधीचा दिवस लेबलावर ‘वापराची अंतिम तारीख’ म्हणून छापावा. दुसऱ्या कोणाच्या पाकिटावरून ती उतरवू नये. आपले भाजणे आणि आपले पाकीट यांवर ती अवलंबून असते.

खाद्यपदार्थ घरून विकणाऱ्यासही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे. ती FoSCoS या संकेतस्थळावर होते. शुल्क आणि उलाढालीची मर्यादा अर्ज करतेवेळी तेथेच पाहावी. मिळालेला चौदा अंकी क्रमांक, घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, किंमत, तारखा, घाण्याचा क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि पत्ता लेबलावर असावा. भाजणीत गहू आहे, ही सूचनाही स्पष्ट असावी, कारण काहींना तो चालत नाही. लेबलाचे नियमही छपाईपूर्वी तपासून घ्यावेत. आठशे रुपयांची लेबले छापून झाल्यावर चूक कळणे महाग पडते.

शेवटी थांबण्याची खूण. पहिल्या वीस घरांपैकी किती घरांनी दीड महिन्यात, आपण न विचारता, दुसरे पाकीट मागितले? पहिले पाकीट ओळखीवर विकले जाते. दुसरे भाजणीवर. चौकोनी कुटुंबास अर्धा किलो दोन-तीन वेळा पुरते. म्हणजे दीड महिना पुरेसा आहे. वीसपैकी दहा घरे परत आली, तर पुढे जावे. चारच आली, तर नवे घाणे थांबवून त्या सोळा घरांना कारण विचारावे. हा आकडा आरंभीच, उत्साहाच्या भरात नव्हे तर शांतपणे, कागदावर लिहून ठेवावा आणि घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीस दाखवावा. दिवाळीच्या महिन्यातील विक्री या मोजणीत धरू नये. त्या महिन्यात सर्वांचेच विकले जाते.

आता हा कागद प्रत्येकाने आपल्या वस्तूसाठी उतरवून घ्यावा :

१. घेणारा : कोण, कोठे, कशासाठी, किती दिवसांनी. (दहा घरी विचारून)
२. खर्च : एका घाण्याचा कच्चा माल, इंधन, वाहतूक, पाकीट आणि श्रमाचे तास. भागिले प्रत्यक्ष तयार झालेले नग. (एक पूर्ण घाणा मोजून)
३. किंमत आणि वाट : छापील दर वजा कमिशन वा पोहोचविणे, वजा खर्च. प्रत्येक वाटेचे उरलेले रुपये वेगळे.
४. समतोल : महिन्याचा ठरलेला खर्च भागिले नगामागे उरलेले रुपये. शेजारी, महिन्यात किती नग तयार होऊ शकतात.
५. रोकड : तीन महिन्यांचे आरंभीची शिल्लक, गेलेले, प्रत्यक्ष आलेले, अखेरची शिल्लक. (येणे धरायचे नाही)
६. बिघाड आणि थांबण्याची खूण : काय तपासणार, किती दिवसांत, कोणत्या आकड्यावर थांबणार.

हे काम एका बैठकीत होत नाही. पहिली संध्याकाळ दहा घरांसाठी. पुढचा एक दिवस घाण्यासाठी, तराजू आणि घड्याळ घेऊन. तिसऱ्या बैठकीत तिसरा, चौथा आणि पाचवा रकाना. त्या घाण्याची अठरा पाकिटे त्याच दहा घरी आणि ओळखीच्या आणखी आठ घरी पूर्ण किमतीत द्यावीत, भेट म्हणून नव्हे. भेट मिळालेल्या वस्तूविषयी कोणी खरे बोलत नाही. अर्थात ही विक्रीही नोंदणी झाल्यानंतरच करावी.

भाजणीच्या जागी कोणी गोधडी शिवेल, कोणी उटणे करील, कोणी शिकवण्या घेईल. शिकवणीत घाणा नसतो, पण तयारीचे तास असतात आणि तेच विसरले जातात. गोधडीत गिरणी नसते, पण कापडाची कातरण वाया जाते. रकाने तेच राहतात.

या सभागृहातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात निदान पहिल्या रकान्यातील एक वाक्य असावे आणि उद्या संध्याकाळी ज्या दहा घरांची दारे वाजवावयाची, त्यांची नावे त्याखाली लिहिलेली असावीत. बाकीचे पाच रकाने त्या दहा दारांनंतर भरावयाचे आहेत.